लाय, ले, लेड, लेन: आडवं होण्याच्या आणि ठेवण्याच्या वाक्यांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

चोपडा तालुक्यात मी इंग्रजीची शिकवणी घेते. दहावीची मुलं येतात, बँकेच्या परीक्षेला बसणारे येतात आणि केळीच्या व्यापाऱ्याकडे लिखापढी करणारे एक-दोघंही संध्याकाळी येऊन बसतात. वह्या वेगवेगळ्या असल्या तरी एक वाक्य सगळ्यांत सापडतं: 'जेवण झाल्यावर तो निंबाखाली आडवा झाला' याचं इंग्रजी. दहांतले आठ जण 'ही लेड डाउन' लिहितात. त्यावरून जे प्रश्न येतात ते इथे एकत्र केले आहेत. इंग्रजी शब्द आपण उच्चारतो तसेच लिहिले आहेत, आणि जिथे स्पेलिंगवर सगळं अवलंबून आहे तिथे अक्षरं सुटी करून दिली आहेत.

नेमका घोळ कुठे आहे?

क्रियापदं दोन आहेत. पहिलं 'लाय', एल-आय-ई, म्हणजे स्वतः आडवं होणं किंवा पडून असणं. दुसरं 'ले', एल-ए-वाय, म्हणजे एखादी वस्तू ठेवणं, अंथरणं, मांडणं. इथपर्यंत कुणाचं काही चुकत नाही.

अडचण भूतकाळात येते. 'लाय'चा भूतकाळ 'ले' होतो आणि हॅज-हॅवबरोबरचं तिसरं रूप 'लेन', एल-ए-आय-एन. 'ले'चा भूतकाळ 'लेड', एल-ए-आय-डी, आणि तिसरं रूपही 'लेड'च. म्हणजे 'ले' हा एकच शब्द दोन घरांत राहतो. एका घरात तो कालचा आहे, दुसऱ्या घरात आजचा. नुसता 'ले' वाचून तो कोणत्या घरातला हे कळत नाही, वाक्यातले शेजारी पाहावे लागतात.

मुलांचं डोकं मात्र नियमाप्रमाणे चालतं: भूतकाळ आहे ना, मग शेवटी 'ड' ऐकू आला पाहिजे. 'ले'मध्ये 'ड' नाही, म्हणून तो भूतकाळ वाटतच नाही, आणि हात आपोआप 'लेड'कडे जातो. चुकीचं मूळ बहुतेक वेळा एवढंच असतं.

इंग्रजीत असं विचित्र का झालं?

विचित्र वाटतं, पण आपल्या भाषेतही हीच रचना आहे. पडणे आणि पाडणे. झाड पडलं, त्याने झाड पाडलं. आतला एक स्वर बदलला की 'आपोआप होणं'चं 'दुसऱ्याकडून घडवणं' होतं. मरणे-मारणे, तुटणे-तोडणे, सगळे याच वाटेचे. याला आपण प्रयोजक क्रियापद म्हणतो. जुन्या इंग्रजीत 'लिजन' म्हणजे पडून असणं आणि 'लेजन' म्हणजे पडतं करणं, आडवं ठेवणं, अशी जोडी होती. आजचे लाय आणि ले हे त्यांचेच वंशज. सिट आणि सेट ही जोडीही तशीच, बसणे आणि बसवणे.

मला सगळ्यांत आवडतं उदाहरण फॉल आणि फेलचं. फॉल म्हणजे पडणे, भूतकाळ फेल. आणि झाड पाडणे याला इंग्रजीत फेल असंच वेगळं क्रियापद आहे, त्याचा भूतकाळ फेल्ड. 'ही फेल फ्रॉम द ट्री', तो झाडावरून पडला. 'ही फेल्ड द ट्री', त्याने झाड पाडलं. पहिल्याचं कालचं रूप आणि दुसऱ्याचं आजचं रूप एकच, जसं ले आणि ले. इथे मात्र कुणी चुकत नाही, कारण फेल्ड हा शब्द मुलांच्या ओळखीचाच नसतो. लेड ओळखीचा आहे, म्हणून तो मध्ये घुसतो.

वाक्य लिहून झाल्यावर तपासायची सोपी रीत काय?

वाक्य मराठीत, भूतकाळात, 'तो' धरून म्हणून पाहा. 'तो' तसाच राहिला तर लायचं घर. 'त्याने' झाला तर लेचं घर.

तो बाजेवर पडला. त्याने बाजेवर गोधडी अंथरली. तो ओट्यावर आडवा झाला. त्याने पाटी ओट्यावर ठेवली. बघा, ठेवण्या-अंथरण्याच्या वाक्यात 'ने' आल्याशिवाय राहत नाही, आणि पडण्या-झोपण्याच्या वाक्यात तो घालून पाहिला तर कानाला टोचतो. हा 'ने' लावायला आपल्याला कुणी शिकवलेलं नाही, तो आईच्या दुधाबरोबर आला आहे. इंग्रजी माणसाकडे ही सोय नाही. त्याला 'काय ठेवलं?' असं विचारून कर्म शोधत बसावं लागतं. तुम्हीही तसं शोधू शकता, पण परीक्षेच्या घाईत 'ने' लवकर सापडतो.

घर ठरलं की मग रूप निवडायचं. लायचं घर आणि साधा भूतकाळ असेल तर ले. लेचं घर आणि साधा भूतकाळ असेल तर लेड. म्हणून निंबाखालचं वाक्य: तो आडवा झाला, 'ने' नाही, लायचं घर, कालची गोष्ट, 'ही ले डाउन अंडर द नीम'. ऐकायला अर्धवट वाटतं हे खरं, पण बरोबर तेच आहे.

ही कसोटी फक्त या जोडीपुरती वापरा. सगळ्या मराठी क्रियापदांना ती लागू नाही. 'तो जेवला', 'तो धडा शिकला' यांत कर्म असून किंवा असू शकत असूनही 'ने' येत नाही.

वाक्यात 'मी' असेल तर? मीला तर 'ने' लागतच नाही.

बरोबर. 'मी पडलो' आणि 'मी पाटी ठेवली', दोन्हीकडे मी तसाच. 'तू'चंही तेच. अशा वेळी मीच्या जागी 'तो' किंवा 'दादा' घालून म्हणा, काम झालं. दुसरी खूण क्रियापदाच्या शेपटीत आहे. मुलगी 'मी पडले' म्हणते आणि मुलगा 'मी पडलो', म्हणजे क्रियापद बोलणाऱ्याप्रमाणे वळतं. 'मी पाटी ठेवली' मात्र मुलगा असो की मुलगी, तसंच राहतं, कारण ते पाटीकडे बघून वळलं आहे. क्रियापद वस्तूकडे बघत असेल तर लेड.

'त्याने बाजेवर अंग टाकलं' याचं काय? इथे 'ने' आहे.

या प्रश्नाने मला एकदा चांगलंच अडकवलं होतं. शिकवणीत मी फळ्यावर कसोटी लिहून मोठ्या तोऱ्यात उभी होते आणि मागच्या बाकावरून आवाज आला, 'मॅडम, मग त्याने ताणून दिली?' सगळे हसले. प्रश्न मात्र खरा होता.

मराठीत आडवं होण्यासाठी असे बरेच वाक्प्रचार आहेत: अंग टाकलं, पाठ टेकली, ताणून दिली. यांत 'ने' येतो, कारण मराठीने अंगाला किंवा पाठीला वस्तू केलं आहे. इंग्रजीत त्या अंगाचा, त्या पाठीचा शब्द उतरत नाही, तिथे माणूस सरळ आडवा होतो. म्हणून कसोटी लावण्याआधी वाक्प्रचार सोडवून साधं क्रियापद घ्या. अंग टाकलं म्हणजे तो पडला, म्हणजे 'ही ले डाउन'. इंग्रजी वाक्यातही अंगाचा एखादा भाग खरोखर लिहिला असेल तर गोष्ट बदलते: 'शी लेड हर हेड ऑन द पिलो', तिने उशीवर डोकं ठेवलं. डोकं ही इथे ठेवलेली वस्तू आहे, म्हणून लेड.

'डिड' आला की काय लिहायचं?

पहिलं रूप. 'ही डिड नॉट लाय डाउन', तो आडवा झाला नाही. बरीच मुलं एवढं शिकल्यावर की भूतकाळ ले आहे, 'डिड नॉट ले डाउन' लिहितात. भूतकाळ डिडने घेतला, आता मागे मूळ रूपच उरतं. 'डिड'नंतर ले बरोबर असतो तो वस्तू असेल तेव्हाच: 'डिड ही ले द मॅट?', त्याने चटई अंथरली का? 'विल', 'कॅन', 'टू' यांच्या मागेही असंच. डॉक्टर पेशंटला सांगतात तेही 'लाय डाउन', 'ले डाउन' नाही.

'लाइंग' की 'लेइंग'?

पडून असलेलं ते लाइंग, एल-वाय-आय-एन-जी. कुणी ठेवत किंवा अंथरत असेल तर लेइंग. 'द बुक वॉज लेइंग ऑन द टेबल' असं लिहिलं तर पुस्तक टेबलावर बसून काहीतरी अंथरतंय किंवा अंडी घालतंय असा अर्थ निघतो. गवंडी विटा लावत होता, 'द मेसन वॉज लेइंग ब्रिक्स', हे ठीक.

'ठेवलेलं होतं' आणि 'पडलेलं होतं' यांत कर्ताच नाही. मग?

'चाव्या टेबलावर ठेवलेल्या होत्या.' 'चाव्या टेबलावर पडल्या होत्या.' इथे 'ने' दिसत नाही, पण पहिल्या वाक्यात कुणाचा तरी हात लपलेला आहे. तो हात सांगायचा असेल तर 'हॅड बीन लेड', आणि चाव्या तिथे होत्या एवढंच सांगायचं असेल तर 'वेअर लाइंग'. रोजच्या लिखाणात बहुतेकदा दुसरंच हवं असतं. आणि खरं सांगायचं तर चाव्या, फाइल, मोबाइल यांच्यासाठी इंग्रजी माणूस ठेवण्याला सहसा पुट वापरतो. ले हा शब्द जपून किंवा आडवं पसरून ठेवण्याला जास्त शोभतो: चटई, फरशी, पाइपलाइन, बाळ.

'लेन' कुणी खरंच वापरतं का?

लिखाणात वापरतात, बोलण्यात फार कमी. 'द फाइल हॅज लेन देअर फॉर मंथ्स' हे अगदी शुद्ध आहे, पण 'हॅज बीन लाइंग' लिहिलं तर तेही शुद्ध आहे आणि कुणी भुवया उंचावत नाही. लिहिताना लेनपाशी हात थांबत असेल तर सरळ दुसरं वाक्य घ्या. पेपरात तिसरं रूप विचारलं असेल तर मात्र सुटका नाही, लेनच लिहायचा.

एखादं पूर्ण पत्र तपासून दाखवाल का?

रावेरकडच्या एका व्यापाऱ्याकडे पत्रव्यवहार सांभाळणारा मुलगा माझ्याकडे येतो. माल काळवंडला म्हणून परराज्यातल्या गिऱ्हाइकाने तक्रार केली होती, आणि त्याला उत्तर लिहायचं होतं. त्याच्या मसुद्यात पाच वाक्यं होती. एकेक बघू.

पहिलं: 'द बंचेस लेड अंडर द ट्री सिन्स मॉर्निंग.' त्याला म्हणायचं होतं, घड सकाळपासून झाडाच्या सावलीत पडून होते. मराठीत 'घड पडून होते', 'घडांनी' होत नाही. म्हणजे लायचं घर, लेड गेला. शिवाय 'सकाळपासून' आहे, म्हणून साधा 'ले'ही पुरत नाही. 'द बंचेस हॅड बीन लाइंग अंडर द ट्री सिन्स मॉर्निंग.'

दुसरं: 'अवर मेन ले बनाना लीव्हज ऑन द ट्रक फ्लोअर.' आमच्या माणसांनी गाडीच्या तळाला केळीची पानं अंथरली. 'माणसांनी', नी आला, लेचं घर, कालची गोष्ट. इथे लेड हवा होता. गंमत बघा, जिथे ले हवा तिथे लेड आणि जिथे लेड हवा तिथे ले. मी विचारलं तर म्हणाला, 'मॅडम, तुम्ही मागे सांगितलं ना की भूतकाळ ले असतो.' अर्धा नियम लक्षात राहिला की असं होतं.

तिसरं: 'देन दे लेड द बंचेस ऑन द लीव्हज.' मग त्यांनी घड पानांवर ठेवले. बरोबर.

चौथं: 'द ड्रायव्हर लेड डाउन इन द केबिन.' ड्रायव्हर केबिनमध्ये आडवा झाला. 'ड्रायव्हरने' नाही. 'द ड्रायव्हर ले डाउन इन द केबिन.' इथे डाउन या शब्दाने त्याला फसवलं. लेडच्या पुढे काहीतरी आहे, म्हणजे कर्म आहे, असं त्याला वाटलं. पण डाउन ही वस्तू नाही, दिशा आहे. 'खाली' कुणी ठेवत नाही.

पाचवं मला सगळ्यांत महत्त्वाचं वाटतं: 'द ट्रक वॉज लेइंग ऑन द रोड ऑल नाइट.' गाडी रात्रभर रस्त्यावर पडून होती, कारण घाटात वाहतूक अडकली होती. व्याकरणाने लेइंगचं लाइंग करून भागलं असतं. पण 'द ट्रक वॉज लाइंग ऑन द रोड' वाचून गिऱ्हाइकाला वाटलं असतं की गाडी उलटली! इंग्रजीतला लाय आडव्या वस्तूचा. चाकांवर उभी गाडी लाय होत नाही, ती स्टँड होते. आपलं 'पडून' फार मोठ्या पोटाचं आहे: माल पडून, काम पडून, गाडी पडून, माणूस पडून. काम पडून असेल तर इंग्रजीत पेंडिंग, गाडी असेल तर 'वॉज स्टँडिंग' किंवा 'वॉज स्टक'. आम्ही 'द ट्रक वॉज स्टक ऑन द रोड ऑल नाइट' केलं. नुकसानभरपाईच्या पत्रात गाडी उलटल्याचं चुकून लिहिणं किती महागात पडलं असतं, ते त्याच्या मालकाला लगेच कळलं. व्याकरणाचं त्यांना काही नव्हतं.

आम्ही घरात अहिराणी बोलतो. ही कसोटी चालेल का?

चालते. 'तो बाजवर पडेल शे' यात तो तोच राहतो, आणि माय काही ठेवते तेव्हा 'मायनी' होतं. मराठीत 'ने', अहिराणीत 'नी', काम एकच.

गावाच्या, किल्ल्याच्या जागेसाठीही लाय वापरतात का?

हो, आणि तिथे चूक झाली तर फार दिसते. 'धुळे लाइज ऑन द पांझरा', धुळे पांझरेच्या काठी वसलं आहे. फारुकी सुलतानांच्या सुरुवातीच्या राजधानीबद्दल लिहिताना भूतकाळ येईल: 'देअर कॅपिटल, थाळनेर, ले ऑन द तापी.' इथे 'लेड' लिहिलं तर थाळनेरने तापीवर काय ठेवलं, असा प्रश्न उभा राहतो.

एल-ए-वाय-ई-डी असं स्पेलिंग चालतं का?

नाही. पे-पेड, से-सेड यांच्यासारखंच वाय जाऊन आय येतो. एवढी एक चूक कॉम्प्युटर लाल रेघ ओढून दाखवतो. लेड, ले, लेन हे सगळे खरे शब्द असल्यामुळे स्पेलिंग तपासणारा त्यांच्यावर रेघ ओढत नाही. पान स्वच्छ दिसलं म्हणून वाक्य बरोबर आहे असं धरू नका.

आणि 'लाइड'?

तो तिसराच. खोटं बोलणे हाही लायच, स्पेलिंगही तेच, पण त्याचा भूतकाळ सरळ: लाइड, एल-आय-ई-डी. 'ही लाइड ऑन द बेड' म्हणजे तो पलंगावर बसून थापा मारत होता.

इंग्रजी लोकसुद्धा 'ले डाउन' म्हणतात, सिनेमात ऐकलंय. मग आम्हीच का घासायचं?

म्हणतात. आडवं होण्यासाठी ले वापरण्याची सवय इंग्रजीत १४व्या शतकापासून दिसते, आणि त्यावर नाकं मुरडणं सुरू झालं ते १८व्या शतकाच्या उत्तरार्धात, व्याकरणाची पुस्तकं निघू लागली तेव्हा. म्हणजे चूक नियमापेक्षा जुनी आहे असं म्हणायलाही हरकत नाही. गप्पांमध्ये कुणी 'आय वॉज लेइंग डाउन' म्हणालं तर मी टोकत नाही, तुम्हीही टोकू नका. पण बोर्डाचा पेपर, बँकेची परीक्षा आणि गिऱ्हाइकाला गेलेलं पत्र वाचणारा माणूस जुन्याच नियमाने वाचतो. तिथे गुण त्याच्या हातात आहेत.

'द हेन इज लेइंग' यात तर वस्तूच नाही. हे चूक आहे ना?

नाही, हे बरोबर आहे. कोंबडी घालते ती अंडीच, ती सांगावी लागत नाहीत. अंडी न घालता खुराड्यात नुसती आडवी पडली असेल तर मात्र ती लाइंग.